आधी निवेदन लिहावे की आधी दृश्ये लावावीत? चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणाच्या वृत्ताबाबत

नीराकाठ
नमस्कार. तालुक्यापुरत्या चालणाऱ्या एका यूट्यूब वृत्तवाहिनीसाठी मी बातम्या तयार करतो. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे जे उभे रिंगण होते, त्याचे अडीच मिनिटांचे वृत्त मला तयार करायचे आहे. चित्रीकरण पूर्ण झाले आहे. सुरुवातीला अँकर निवेदन करील, नंतर दृश्यांवर व्हीओ, मधे दोन बाईट आणि बोलणाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या, असा ढाचा मनात आहे. व्हीओचा मजकूर मी साधारण 340 शब्दांचा लिहिला आहे. त्याची सुरुवात अशी:

"टाळ-मृदंगाच्या गजरात, हरिनामाच्या जयघोषात आणि भगव्या पताकांच्या साक्षीने आज लोणंद येथून मार्गस्थ झालेल्या संत ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण चांदोबाचा लिंब येथे लाखो वैष्णवांच्या उपस्थितीत भक्तिमय वातावरणात पार पडले."

आमचे संपादक म्हणतात की संहिता आधी पक्की करावी आणि दृश्ये तिच्यावर बसवावीत, तर संकलन करणारा मित्र नेमके उलट सांगतो. अनुभवी मंडळी काय करतात? पट्ट्यांवर काय लिहावे आणि त्या किती वेळ ठेवाव्यात, हेही कृपया सांगावे.

विद्या_शिक्षिका
आमच्या शाळेत नववीच्या मुलांना वृत्तलेखन आहे. त्यात मथळा, दिनांक, स्थळ आणि मग घटना, असा क्रम शिकवतो. आपल्या मजकुरात दिनांक दिसत नाही, तो पहिल्या वाक्यातच यायला हवा.

नीराकाठ
विद्याताई, आभार. मात्र हे छापील वृत्त नसून दृश्यांवर वाचायचे निवेदन आहे. त्याच दिवशी प्रसारित होणार असल्याने "आज" एवढे पुरेसे ठरावे, असे मला वाटते.

जुना_संकलक
आपले संपादक आणि आपला मित्र यांच्या मधली एक पायरी सुटते आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. संहिता लिहिण्यापूर्वी चित्रीकरण पूर्ण पाहून कागदावर नोंद करावी: कोणत्या शॉटमध्ये काय आहे, तो कितव्या मिनिटाला आहे, हलतो का, त्याचा आवाज वापरण्याजोगा आहे का. मग बाईटमधील नेमकी वाक्ये निवडून ती शब्दशः उतरवून घ्यावीत. त्यानंतर लेखणी हाती घ्यावी. अशा रीतीने लिहिलेली संहिता दृश्यांवर बसवावी लागत नाही, कारण ती दृश्यांतूनच आलेली असते.

आता वेळेचा हिशेब पाहू. अँकरचे निवेदन वेगळे धरले, तरी अडीच मिनिटे म्हणजे 150 सेकंद. दोन बाईट प्रत्येकी 15 सेकंदांचे धरल्यास 30 सेकंद गेले. रिंगणासारख्या प्रसंगी नुसता मूळ आवाज ऐकू यावा म्हणून किमान 20 सेकंद मोकळे सोडावेत. उरले 100 सेकंद. मराठी निवेदन न धावता वाचले तर सेकंदाला सुमारे दोन शब्द होतात, म्हणजे आपल्याला 200 शब्दांची जागा आहे आणि हातात 340 शब्द आहेत. हे सगळे बसवायचे झाले तर वाचणारा धापा टाकील, बाईट कापावे लागतील आणि अश्व धावतानाचा "माउली, माउली" हा घोष व्हीओखाली दबून जाईल. तो घोष हेच तर या बातमीचे सर्वांत मोलाचे सामान आहे.

आपल्या पहिल्या वाक्याबद्दलही स्पष्ट बोलतो. टाळ, मृदंग आणि पताका पडद्यावर दिसतच असतात, त्या पुन्हा शब्दांत सांगून प्रेक्षकाला नवे काहीच मिळत नाही. जे दृश्यातून कळू शकत नाही, तेच व्हीओने सांगावे. मात्र ते दृश्यापासून फार दूरही जाऊ नये, कारण पडद्यावर पाण्याचा टँकर असताना निवेदन अश्वांच्या परंपरेबद्दल बोलू लागले, तर प्रेक्षकाचे डोळे टँकरकडे राहतात आणि शब्द वाया जातात.

मोबाईलवाला
मी थोडा वेगळा विचार मांडतो. आता बहुतेक लोक मोबाईलवर आवाज बंद ठेवून बातम्या पाहतात. त्यामुळे जे दिसते तेही शब्दांत सांगावे, आणि बोलणाऱ्याच्या नावाची पट्टी बाईट संपेपर्यंत तशीच ठेवावी, म्हणजे मधूनच पाहू लागलेल्यालाही कळेल की कोण बोलत आहे.

जुना_संकलक
आवाज बंद ठेवून पाहणारा प्रेक्षक खरोखरच मोठ्या संख्येने आहे, हे आपले म्हणणे मान्य. परंतु आवाज बंद असेल, तर व्हीओमध्ये काहीही घातले तरी त्याला ते ऐकू येणार नाही. त्याच्यासाठी बाईटचा आणि व्हीओचा मजकूर खाली ओळींच्या रूपाने द्यावा लागतो, आणि तिथेच आपली दुसरी सूचना अडचणीत येते. नावाची पट्टी बाईटभर ठेवली तर त्या ओळींना जागाच उरत नाही.

आमच्याकडे अशी पद्धत होती: बाईट सुरू झाल्यावर साधारण एक सेकंदाने पट्टी यावी, चार-पाच सेकंद राहावी आणि बाईटवर पहिला कटअवे येण्याआधी जावी. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पट्टी तशीच राहिली आणि पडद्यावर दुसऱ्याच एखाद्या आजींचा चेहरा आला, तर ते नाव त्या आजींचे ठरते. वृत्त मोठे असून तीच व्यक्ती बऱ्याच वेळाने पुन्हा बोलत असेल, तर पट्टी दुसऱ्यांदा द्यायला हरकत नाही.

दिंडीतला_विनय
मी वारीत चालतो, म्हणून मजकुराबद्दल थोडे लिहितो. "लाखो वैष्णव" हा आकडा कोणी दिला? पोलिसांनी किंवा प्रशासनाने अंदाज सांगितला असेल, तर तो त्यांच्या नावाने द्यावा, अन्यथा गाळावा. संपूर्ण सोहळ्यात किती लोक आहेत आणि लिंबाजवळच्या त्या अरुंद रस्त्यावर त्या वेळी किती उभे होते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे असे की हे रिंगण उभे का म्हणतात, हे आपल्या मजकुरातून कळायला हवे. सदाशिवनगरला पुढे गोल रिंगण होते. तिथे मोठे मैदान असते आणि अश्व वर्तुळात धावतात. लिंबाजवळ वारकरी रस्त्यावर दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या वाटेने अश्व धावतात. एक अश्व स्वाराचा आणि दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही. बाहेरगावच्या प्रेक्षकाला रिकामे खोगीर दिसते, परंतु त्यावर स्वतः माउली आरूढ आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा त्याला सांगितल्याशिवाय कशी कळणार?

जुना_संकलक
विनयराव, आपण जे सांगितलेत तेच व्हीओचे खरे काम आहे. नीराकाठ, आपल्या मजकुराची सुरुवात मी नव्याने मांडून पाहिली आहे, ती अशी:

अँकर: "नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आलेल्या माउलींच्या पालखी सोहळ्याचे पहिले उभे रिंगण आज चांदोबाचा लिंब इथे झाले. हे रिंगण पाहण्यासाठी फलटण आणि खंडाळा तालुक्यांतील गावकरी सकाळपासूनच रस्त्याच्या दुतर्फा येऊन थांबले होते."

दृश्य: अश्वांची धाव. व्हीओ नाही, सहा-सात सेकंद फक्त मूळ आवाज.

व्हीओ: "पुढे धावतो तो स्वाराचा अश्व. मागून येतो माउलींचा. त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, कारण तिथे स्वतः माउली असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे."

दृश्य: खोगिराचा जवळून घेतलेला शॉट, मग रांगेतील चेहरे.

व्हीओ: "हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. वारीसाठी ते अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात."

यात अँकरने घटना सांगितली आहे, म्हणून व्हीओने ती पुन्हा सांगितलेली नाही. हौशी वृत्तांत सर्रास दिसणारा दोष म्हणजे अँकरचे शेवटचे वाक्य आणि व्हीओचे पहिले वाक्य एकच असणे. गावकरी खरोखर सकाळपासून थांबले होते का, हे मात्र आपण तिथे होतात म्हणून आपणच ठरवावे. तसे नसेल तर ते वाक्य काढून टाकावे.

नीराकाठ
मनापासून आभार. गावकरी सकाळपासून होते, हे मी स्वतः पाहिले आहे. खोगिराचा स्वतंत्र शॉट मात्र माझ्याकडे नाही. अश्वांची धाव मी एकाच जागेवरून घेतली आहे, कारण रांगा लागल्यावर रस्ता ओलांडणे शक्य नव्हते. बाईटपैकी एक दिंडीतील ज्येष्ठ विणेकऱ्यांचा आहे. ते चार मिनिटे फार छान बोलले आहेत, पण मला हवी असलेली दोन वाक्ये एकमेकांपासून बरीच लांब आहेत. ती जोडली की मधे त्यांची मान एकदम हललेली दिसते.

कॅमेरा_सई
त्या झटक्यासाठीच कटअवे असतो. दोन वाक्यांच्या सांध्यावर तीन-चार सेकंदांचे दुसरे दृश्य ठेवायचे, खाली आवाज विणेकऱ्यांचाच चालू ठेवायचा आणि पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर यायचे. वीणेच्या तारांवरची बोटे, गळ्यातली तुळशीची माळ, ऐकत उभा असलेला शेजारचा टाळकरी, यांपैकी काहीही चालते. मात्र सांध्याच्या किंचित आधी दृश्य बदलावे आणि सांधा ओलांडल्यावर थोडे थांबूनच परतावे. नेमके सांध्यावरच दृश्य बदलले, तर इथे काहीतरी कापले आहे हे लक्षात येते.

अशा प्रसंगाचे चित्रीकरण मी कसे करते ते सांगते. अश्व समोरून निघून गेले की बहुतेक जण कॅमेरा खाली घेतात, आणि खरी दृश्ये त्याच क्षणी सुरू होतात. रांगा मोडतात आणि लोक टापा पडल्या त्या जागी वाकतात. चिमूटभर माती कपाळाला लावली जाते, कोणी ती रुमालाच्या टोकात बांधून घेते. अशा वेळी हात, माती आणि कपाळ हे तीन वेगळे शॉट म्हणून घ्यावेत आणि प्रत्येक शॉट हालचाल न करता किमान दहा सेकंद धरावा. संकलनात त्यातले तीनच सेकंद लागतात, पण कोणते तीन, हे आधी कळत नाही.

एकाच बाजूने चित्रीकरण झाले, याचे वाईट वाटून घेऊ नका. उलट ते सोयीचे आहे. समोरच्या बाजूच्या कोणाकडून मोबाईलवरची धाव मागून घेतली असती, तर एका शॉटमध्ये अश्व डावीकडून उजवीकडे आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे धावताना दिसले असते, आणि ते परत फिरले असा प्रेक्षकाचा समज झाला असता. तशी वेळ आलीच तर दोहोंच्या मधे अश्व सरळ समोरून येताना दिसतील असा शॉट, किंवा नुसते पाहणारे चेहरे ठेवावेत.

नीराकाठ
सईताई, मातीचे दृश्य माझ्याकडे आहे, परंतु वीणेवरच्या बोटांचे नाही. रांगेत टाळ वाजवणाऱ्या एका तरुणाचा उत्तम शॉट आहे, पण तो दुपारी रिंगणाच्या बऱ्याच आधीचा आहे. तसेच हात उंचावून घोष करणाऱ्या गर्दीचा एक शॉट लोणंदमधून पालखी निघतानाचा आहे. ही दृश्ये मी लिंबाच्या वृत्तात वापरू शकतो का?

कॅमेरा_सई
टाळकऱ्याचा शॉट खुशाल वापरा. ठिकाण तेच आहे, माणसे तीच आहेत, आणि त्या शॉटमुळे काही खोटे सांगितले जात नाही. लोणंदच्या गर्दीचा शॉट मात्र अश्वांच्या धावेला जोडू नका. अश्व धावले आणि त्याला पाहून या लोकांनी हात उंचावले, असा अर्थ त्या जोडणीतून निघतो, आणि तसे घडलेले नाही.

मोबाईलवाला
हे मला थोडे अतिरेकी वाटते. लिंबाजवळही लोकांनी हात उंचावलेच असणार. आपण भावना दाखवत आहोत, पुरावा सादर करत नाही आहोत. प्रेक्षकाची काय फसवणूक झाली?

दिंडीतला_विनय
फसवणूक झाली की नाही, हे त्या गर्दीतल्या लोकांना विचारावे. लोणंदची माणसे स्वतःला लिंबाच्या रिंगणात पाहतील आणि तिथे आपण नव्हतोच हे त्यांना ठाऊक असेल. तालुक्याच्या वाहिनीचा प्रेक्षक हाच तर आहे.

जुना_संकलक
या बाबतीत आमच्या वृत्तविभागातही एकमत नव्हते. माझी स्वतःची रेघ अशी आहे की वातावरणाचा शॉट त्याच ठिकाणचा आणि त्याच दिवसाचा असावा, प्रतिक्रियेचा शॉट मात्र त्याच क्षणाचा असावा. काही चांगले सहकारी प्रतिक्रियेच्या बाबतीतही सूट घेत असत. मला ते पटले नाही, पण त्यांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. लोणंदचा शॉट वापरायचाच असेल, तर पालखी निघाल्याचा उल्लेख व्हीओमध्ये करून तिथे तो लावावा आणि वर कोपऱ्यात "लोणंद" एवढे स्थळ द्यावे.

अक्षरजुळणी
पट्ट्यांचा विषय अर्धाच राहिला आहे, म्हणून लिहितो. मी वाहिन्यांसाठी ग्राफिक्स करतो. आमच्याकडे या पट्टीला अ‍ॅस्टन म्हणतात. देवनागरीत पट्टी करताना रोमन लिपीसाठी बेतलेला साचा जसाच्या तसा वापरू नये. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. पट्टीचा साचा पक्का करण्यापूर्वी "श्रीमूर्ती कुर्डुवाडी" असे वर-खाली दोन्हीकडे चिन्हे असलेले शब्द टाकून पाहावेत.

दुसरी अडचण म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाणे आणि जोडाक्षरे फुटणे. "दिंडी" हा शब्द टाकला की वेलांटीची अडचण लगेच कळते. अक्षरसंच युनिकोड असूनही असे होत असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअर मजकूर कसा जुळवते यात असतो. प्रीमियर प्रो वापरत असाल, तर सेटिंगमधील ग्राफिक्सच्या भागात `South Asian and Middle Eastern` हा पर्याय निवडावा आणि मजकूर नव्याने टाकून पाहावा. अगदीच जमले नाही तर पट्टी दुसरीकडे तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून आणावी. त्यात नंतर दुरुस्ती करणे जिकिरीचे होते, पण नाव तरी शुद्ध दिसते.

पट्टी पडद्याच्या अगदी तळाशी चिकटवू नये. उभ्या स्वरूपाचा छोटा व्हिडिओही काढणार असाल, तर त्यासाठी ती बरीच वर घ्यावी लागेल, कारण खालच्या भागात ॲपचीच अक्षरे आणि बटणे येतात.

विद्या_शिक्षिका
पट्टीवर विणेकऱ्यांच्या नावाआधी ह. भ. प. लिहावे का? आमच्याकडे स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत पाहुण्यांच्या नावापुढे त्यांची सगळी पदे लिहिली होती. वाचून होण्याआधीच पट्टी गेली, आणि पाहुणेही नाराज झाले.

अक्षरजुळणी
वारकरी मंडळींच्या बाबतीत ह. भ. प. लिहिण्याची रीत आहे आणि ती पाळावी. परंतु पद एकच, आणि तेही या बातमीशी संबंधित असलेले. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत "विणेकरी" आणि दिंडीचा क्रमांक. तेवढे चार सेकंदांत सहज वाचून होते. नुसते "वारकरी" लिहू नये, कारण ते दिसतेच आहे. त्यापेक्षा गावाचे नाव द्यावे. आणि नाव कसे लिहितात हे चित्रीकरणाच्या वेळीच त्यांच्याकडून कॅमेऱ्यासमोर वदवून घ्यावे. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तर माणूस दुखावतो.

दिंडीतला_विनय
दिंडीच्या क्रमांकात "रथापुढे" आणि "रथामागे" हा भेद असतो. रथापुढील दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागील वेगळे चालतात. पट्टीवर नुसता "दिंडी क्र. 10" लिहिला, तर दोन दिंड्यांपैकी कोणती हे कळणार नाही.

नीराकाठ
हे माझ्या लक्षातही आले नसते. सर्वांच्या सूचनांनुसार नोंद करून मजकूर पुन्हा लिहिला आहे आणि तो 190 शब्दांपर्यंत आला आहे. विणेकऱ्यांचा बाईट असा जोडला आहे: "माउलींचा अश्व समोरून गेला, की वर्षभराचा शीण जातो," हे त्यांचे पहिले वाक्य चेहऱ्यावर, पट्टीसह. पट्टी गेल्यावर टाळकऱ्याचा शॉट, त्याखाली सांधा, आणि मग पुन्हा चेहऱ्यावर दुसरे वाक्य. त्यानंतर मातीची दृश्ये मूळ आवाजासह येतात आणि त्यांवर व्हीओ असा आहे: "रिंगण संपले, की टापांखालची माती कपाळाला लावली जाते. पालखी आता तरडगावच्या मुक्कामाकडे निघाली आहे." लोणंदचा शॉट मी काढून टाकला. खोगीर जवळून नसल्यामुळे धावेच्या शॉटमधला माउलींच्या अश्वाचा भाग थोडा संथ करून तिथे वापरावा, असा विचार आहे.

कॅमेरा_सई
संथ करायचे असेल तर चित्रीकरण सेकंदाला किती चौकटींचे आहे ते आधी पाहा. 50 चे असेल तर 25 च्या टाइमलाइनवर निम्म्या गतीने ते स्वच्छ दिसेल. 25 चेच असेल तर अश्वाचे पाय अडखळल्यासारखे दिसतील. तसे असल्यास शॉट संथ न करता दुसऱ्यांदा मूळ गतीनेच दाखवलेला बरा.

जुना_संकलक
मला बातमीत संथ गती नकोशी वाटते, विशेषतः मूळ आवाज चालू असताना, कारण चित्र आणि आवाज यांची फारकत होते. त्याऐवजी धावेचा शॉट लांबच ठेवून "त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही" हे वाक्य माउलींचा अश्व चौकटीत येतो त्याच सेकंदाला सुरू होईल असे बसवून पाहा. त्यासाठी आधीच्या वाक्यातला एखादा शब्द कमी करावा लागला, तर करा.

नीराकाठ
चित्रीकरण 25 चेच आहे, त्यामुळे संथ गतीचा प्रश्न मिटला. "पुढे धावतो तो स्वाराचा अश्व" या वाक्यानंतरचे "मागून येतो माउलींचा" हे अश्व चौकटीत येण्याच्या क्षणी घेतले, तर पुढचे वाक्य आपोआप खोगिरावर येते आहे. आज रात्री व्हीओ पुन्हा ध्वनिमुद्रित करतो.

मोबाईलवाला
उभ्या स्वरूपातला छोटा भाग काढणार असाल, तर सुरुवात अँकरने न करता थेट धावेच्या आवाजाने करा, एवढे मात्र माझे ऐका.

जुना_संकलक
त्या छोट्या भागापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र तिथे "चांदोबाचा लिंब, ता. फलटण" ही स्थळाची पट्टी पहिल्या दोन सेकंदांतच द्यावी लागेल, कारण ठिकाण सांगायला तिथे अँकर नसेल.